स्टेप शाफ्टच्या शोल्डरवरचा पिळाचा ताण आणि फिलेटची त्रिज्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं एकाच शाफ्टभोवती फिरतात, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील. बेअरिंगच्या जागी शाफ्टचा व्यास d = ४० मिमी आहे आणि त्यालगतच्या शोल्डरचा D = ४८ मिमी. त्यावर ६२०८ हे खोल खाचेचं बॉल बेअरिंग बसतं. ड्राइव्ह दोन्ही दिशांनी फिरतो, त्यामुळे टॉर्क अधिक ८०० आणि उणे ८०० न्यूटन-मीटर यांच्यात सतत उलटसुलट होतो. स्टील मध्यम कार्बनचं, हार्डनिंग करून टेम्पर केलेलं आहे आणि त्याची तन्यताशक्ती ७०० मेगापास्कल आहे. बेंडिंग नगण्य धरलं आहे. सुरक्षा गुणक किमान १.४ हवा.

शोल्डरपाशी ताण वाढतो म्हणजे नेमकं काय होतं?

पिळात गोल शाफ्टचा बाहेरचा थर सर्वांत जास्त काम करतो, मधला गाभा जवळजवळ मोकळाच असतो. ४८ च्या भागात टॉर्क वाहून नेणारा हा थर २४ मिमी त्रिज्येवर असतो. पायरी आली की तोच टॉर्क २० मिमी त्रिज्येच्या आत शिरायला हवा. रुंद पात्राचं पाणी अरुंद पात्रात शिरताना आतल्या कोपऱ्याला खेटून वेगाने वळतं, तसाच हा प्रवाह पायरीच्या आतल्या कोपऱ्यापाशी दाटतो. शोल्डरच्या बाहेरच्या कडेपाशी मात्र धातू जवळजवळ रिकामा बसलेला असतो. म्हणून ती कड चॅम्फर केल्याने ताकद घटत नाही, आणि वाढतही नाही.

कोपरा अगदी काटकोनी आणि टोकदार असेल तर लवचिक सिद्धांताप्रमाणे तिथला ताण अमर्याद होतो. फिलेटची त्रिज्या त्या वळणाला जागा देते.

सर्वाधिक ताण फिलेटच्या कोणत्या बिंदूवर असतो?

फिलेटच्या मध्यावर तो असेल असं सहज वाटतं, पण तसं नाही. पिळात तो लहान व्यासाच्या बाजूला, फिलेट जिथे ४० च्या दंडगोलाला येऊन मिळते त्याच्या जवळ असतो. ही गोष्ट पुढे लेथ आणि ग्राइंडिंगच्या वेळी फार कामाला येते. त्रिज्या बरोबर असली तरी तिच्या पायथ्याशी टूलचा एक बारीक ओरखडा किंवा ग्राइंडिंग व्हीलने सोडलेली छोटी पायरी राहिली, तर ती सर्वांत वाईट जागीच राहते.

Kts कसा काढायचा?

Kts म्हणजे पिळात कोपऱ्यापाशी ताण किती पटीने वाढतो, तो गुणक. आधी लहान व्यासावरचा साधा ताण काढायचा आणि त्याला Kts ने गुणायचं. पीटरसनचे आलेख सर्वत्र वापरले जातात. त्यांना जुळवलेलं घातसूत्र हाताशी असलं की आलेखावर डोळे ताणावे लागत नाहीत:

```
tau_nom = 16 T / (pi d^3)
Kts     = A (r/d)^b
tau_max = Kts * tau_nom

D/d = 2.00   A = 0.86331   b = -0.23865
D/d = 1.33   A = 0.84897   b = -0.23161
D/d = 1.20   A = 0.83425   b = -0.21649
D/d = 1.09   A = 0.90337   b = -0.12692
```

आपल्या शाफ्टसाठी D/d = १.२. टॉर्क ८०० न्यूटन-मीटर असताना ४० मिमी व्यासावर साधा ताण ६३.७ मेगापास्कल येतो. त्रिज्या १ मिमी धरली तर r/d = ०.०२५ आणि Kts = १.८५.

इथे दोन चुका वारंवार दिसतात. पहिली म्हणजे साध्या ताणासाठी D वापरणं. व्यासाचा घन येत असल्याने ४८ धरला तर ताण १.७३ पटीने कमी दिसतो आणि सगळा हिशेब खोटा निघतो. दुसरी म्हणजे बेंडिंगचा आलेख उघडून त्यातला Kt पिळाला लावणं. त्याच पायरीसाठी बेंडिंगचा गुणक पिळाच्या गुणकापेक्षा मोठा असतो, त्यामुळे ही चूक सुरक्षित बाजूला पडते. पण मग शाफ्ट उगाच जाड होतो.

शोल्डर जितका उंच तितका ताण जास्त, हे खरं का?

थोड्या अंतरापर्यंतच खरं. r/d = ०.०२५ कायम ठेवून D/d बदलून पाहा. १.०९ ला Kts १.४४ येतो, १.२० ला १.८५, १.३३ ला २.०० आणि थेट २.०० ला फक्त २.०८. म्हणजे पायरी ठेंगणी असताना प्रत्येक मिलिमीटर बोचतो, पण १.३३ च्या पुढे शोल्डर कितीही उंच केला तरी फारसा फरक पडत नाही. बाहेरचा धातू आधीच रिकामा असतो, त्यात आणखी रिकामा धातू घातल्याने प्रवाहाची वाट बदलत नाही.

याचा व्यवहारात अर्थ असा: शोल्डर ५४ चा हवा की ५८ चा, यावर पिळाच्या नावाखाली वाद घालण्यात अर्थ नाही. ती उंची बेअरिंगला किंवा गिअरला किती टेकू लागतो यावरून ठरवा. पिळासाठी तुमच्या हातात असलेली खरी चावी r आहे.

मग r किती ठेवावी?

आधी एक नातं लक्षात घ्या. D/d = १.२ असताना r दुप्पट केली की Kts सुमारे १४ टक्क्यांनी उतरतो. प्रत्येक दुपटीला तेवढाच. म्हणून ०.५ वरून १ वर जाणं आणि २ वरून ४ वर जाणं यांचा फायदा सारखाच असतो, पण पहिल्यासाठी अर्धा मिलिमीटर लागतो आणि दुसऱ्यासाठी दोन. सुरुवातीचे काही दशांश मिलिमीटर सर्वांत स्वस्तात सर्वांत जास्त देतात. तुलनेसाठी, व्यास ४० वरून ४२ केला तर साधा ताणही जवळजवळ १४ टक्क्यांनीच कमी होतो.

आता फटीगचा हिशेब. धातूला पूर्ण Kts जाणवत नाही, कारण बारीक त्रिज्येत उच्च ताणाचा पट्टा फारच पातळ असतो. हे धरण्यासाठी नॉच सेन्सिटिव्हिटी q वापरतात आणि Kts च्या जागी फटीगचा गुणक Kfs घेतात. यातला a हा स्टीलच्या ताकदीवर ठरणारा स्थिरांक:

```
q   = 1 / (1 + sqrt(a)/sqrt(r))
Kfs = 1 + q (Kts - 1)
```

७०० मेगापास्कलच्या स्टीलला पिळासाठी sqrt(a) सुमारे ०.२३४ येतो, r मिमीमध्ये धरून. एन्ड्युरन्स मर्यादा अशी काढली: तन्यताशक्तीच्या निम्मी म्हणजे ३५०, मशीन केलेल्या पृष्ठासाठी ०.७९५, ४० मिमी आकारासाठी ०.८३६ आणि पिळासाठी ०.५९. या सगळ्यांचा गुणाकार सुमारे १३७ मेगापास्कल. विश्वसनीयतेचा वेगळा गुणक यात धरलेला नाही. तुमच्या कामात तो लागत असेल तर या १३७ लाच लावा.

| r (मिमी) | Kts | Kfs | ताणाचा विस्तार (मेगापास्कल) | सुरक्षा गुणक |
|---|---|---|---|---|
| ०.४ | २.२६ | १.९२ | १२२ | १.१२ |
| १ | १.८५ | १.६९ | १०८ | १.२७ |
| २ | १.६० | १.५१ | ९६ | १.४२ |
| ३ | १.४६ | १.४१ | ९० | १.५३ |

पहिली ओळ नीट पाहा. ड्रॉइंगवर त्रिज्या लिहिलीच नाही तर लेथवर इन्सर्टच्या नोजची त्रिज्या उमटते, आणि ०.४ चा इन्सर्ट फिनिशिंगला सर्रास वापरतात. म्हणजे ड्रॉइंगमधली रिकामी जागा हाही एक निर्णयच असतो, फक्त तो घेणाऱ्याला टॉर्क माहीत नसतो.

आपल्या अटीला २ मिमी पुरते. ४ मिमी इतकी फिलेट इथे घेता येत नाही, कारण शोल्डरची उंचीच (४८ − ४०)/२ = ४ मिमी आहे. फिलेटने ती सगळी खाल्ली तर टेकायला सपाट तोंडच उरणार नाही.

जिथे शोल्डरवर काहीच टेकत नाही, अशा मोकळ्या पायरीला आम्ही r = ०.१d पासून सुरुवात करतो. तिथे काटकसर करायला काही कारणच नसतं.

पण ६२०८ बेअरिंगला फिलेट जास्तीत जास्त १ मिमी चालते. २ मिमी कशी बसवायची?

प्रत्यक्षात सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. बेअरिंगच्या आतल्या रिंगच्या कोपऱ्याची त्रिज्या या आकारात किमान १.१ मिमी असते, म्हणून कॅटलॉगमध्ये शाफ्टच्या फिलेटला १ मिमीची कमाल मर्यादा आणि शोल्डरला किमान ४७ मिमी व्यास दिलेला असतो. ही मर्यादा ओलांडली तर रिंग शोल्डरच्या तोंडावर न टेकता फिलेटवर चढून बसते. मग ती किंचित तिरकी राहते, अक्षीय जागा चुकते, आणि जिथे ताण सर्वांत जास्त आहे तिथेच रिंगची कड रुतते. तपासणी सोपी आहे: बेअरिंग बसवल्यावर रिंग आणि शोल्डर यांच्यामध्ये ०.०३ मिमीची फीलर पट्टी चारही बाजूंनी घालून पाहा. ती कुठेही आत शिरता कामा नये. शंका उरली तर शोल्डरच्या तोंडाला मार्किंग ब्लू लावून ठसा पाहा. ठसा तोंडावर न उमटता फिलेटवर वर्तुळासारखा उमटला, तर फिलेट मोठी झाली आहे.

१ मिमीवर सुरक्षा गुणक १.२७ येतो, म्हणजे अट पाळली जात नाही. वाटा तीन आहेत.

पहिली वाट स्पेसर रिंगची. शोल्डर आणि बेअरिंग यांच्यामध्ये ५ ते ६ मिमी जाडीची रिंग घालायची आणि तिच्या शोल्डरकडच्या आतल्या कडेला मोठा चॅम्फर द्यायचा. ४५ अंशांच्या चॅम्फरची बाजू फिलेटच्या त्रिज्येएवढी असली तरी भूमितीने ती जेमतेम सुटते. पण जेमतेमवर विसंबू नका, अर्धा मिलिमीटर जास्त द्या. R२ साठी चॅम्फर २.५ मिमी. रिंगचा बाहेरचा व्यास ४८, भोक ४०.०५ ते ४०.१० म्हणजे सैल, आणि दोन्ही तोंडं एकमेकांना ०.०१ मिमीच्या आत समांतर. आता टेकू पुरतो का ते पाहू. शोल्डरच्या कडेला ०.५ मिमी चॅम्फर धरला तर स्पर्शाची पट्टी २२.५ ते २३.५ मिमी त्रिज्येत, म्हणजे केवळ १ मिमी रुंद उरते. तिचं क्षेत्रफळ सुमारे १४५ चौरस मिमी. ५ किलोन्यूटन अक्षीय भारालाही दाब ३५ मेगापास्कलच्या आसपासच राहतो, तेव्हा काम भागतं. बेअरिंग रिंगच्या जाडीएवढं बाहेर सरकतं, तेवढी लांबी शाफ्टला आणि हाउसिंगला द्यायला विसरू नका. जोडणीत ही रिंग उलटी बसू शकते, आणि उलटी बसली की चॅम्फर बेअरिंगकडे जातो आणि धारदार कड थेट फिलेटवर येते. म्हणून शक्य असेल तर दोन्ही बाजूंना चॅम्फर द्या. बेअरिंगच्या बाजूलाही टेकू ४५ मिमी व्यासाच्या बाहेरच मिळेल, हे धरून चाला.

दुसरी वाट शोल्डरच्या तोंडात कोरलेल्या अंडरकटची. ४० चा व्यास तसाच ठेवून खाच शोल्डरच्या आत, अक्षाच्या दिशेने घ्यायची. पण पूर्ण अर्धवर्तुळाकार खाच R२ ची घेतली तर तिला उंचीने ४ मिमी लागतात आणि ४८ च्या शोल्डरला तोंडच उरत नाही. ४८ मध्ये फार तर R१.५ बसते. R२ हवी असेल तर शोल्डर ५२ च्या आसपास न्यावा लागतो, म्हणजे D/d १.३ होतो आणि Kts १.६० वरून १.७ कडे सरकतो. थोडक्यात, एका हाताने मिळवलेलं दुसऱ्या हाताने जातं. शिवाय साध्या फिलेटचे आलेख अशा खाचेला नेमके लागू होत नाहीत, तिचा हिशेब एफईएनेच करावा.

डीआयएन ५०९ मधल्या ई आणि एफ प्रकारच्या अंडरकटबद्दलही विचारणा होते. ते मुख्यतः ग्राइंडिंग व्हीलला कोपऱ्यात सुटायला जागा देण्यासाठी असतात. ई प्रकार फक्त दंडगोलात कोरलेला असतो, एफ प्रकार दंडगोल आणि तोंड दोन्हींत. दंडगोलातली खाच शाफ्टचा व्यासच कमी करते. ०.३ मिमी खोल खाच म्हणजे ३९.४ मिमी व्यास आणि ४.६ टक्के जास्त साधा ताण, आणि त्यावर तिच्या बारीक त्रिज्येचा गुणक वेगळाच. बेअरिंग चांगलं बसावं म्हणून अंडरकट दिला आणि त्याच खाचेत शाफ्ट तुटला, असं होण्याचं कारण हेच.

तिसरी वाट एक आकार वर जाण्याची. ६२०९ बेअरिंगचं भोक ४५, बाहेरचा व्यास ८५ आणि रुंदी १९ मिमी. शोल्डर ५४ करा आणि फिलेट १ मिमीच ठेवा. साधा ताण ४४.७ मेगापास्कलवर येतो, Kfs १.७३, आणि सुरक्षा गुणक १.७५. हाउसिंगमध्ये ५ मिमी व्यास आणि १ मिमी रुंदी जास्त मिळत असेल तर ही वाट आम्ही सर्वांत आधी सुचवतो. एकही जास्तीचा भाग लागत नाही आणि जोडणीत चुकायला जागा राहत नाही. स्पेसरची वाट तेव्हाच घ्या, जेव्हा हाउसिंग आधीच ठरलेलं असेल.

लंबवर्तुळाकार किंवा दोन त्रिज्यांची फिलेट या ठिकाणी का नाही? लहान व्यासाकडे मोठी आणि शोल्डरकडे लहान त्रिज्या घेतली की पिळाला खरंच फायदा होतो, कारण ताण लहान व्यासाकडेच साचतो. पण तिला अक्षाच्या दिशेने लांब जागा लागते आणि इथे ती जागा बेअरिंगने व्यापलेली आहे. मोकळ्या पायरीवर किंवा स्पेसरखाली ती वापरावी. तेव्हा रिंगचा चॅम्फरही तेवढाच लांबट द्यावा लागतो.

टॉर्क स्थिर असेल तर एवढं सगळं करावं लागतं का?

बहुतेक वेळा नाही. शाफ्ट फिरत असला तरी स्थिर टॉर्कमुळे येणारा पिळाचा ताण फिरण्याबरोबर उलटत नाही. बेंडिंगचा ताण मात्र दर फेरीला उलटतो. म्हणून एकाच दिशेने, सारख्या भाराने चालणाऱ्या शाफ्टवर त्याच शोल्डरचा बेंडिंगचा हिशेब आधी करा, तोच निर्णायक ठरतो. डक्टाइल स्टीलमध्ये स्थिर पिळासाठी Kts सोडून देतात, कारण कोपऱ्यातला छोटा पट्टा थोडा यील्ड होऊन ताण वाटून घेतो. कास्ट आयर्न आणि पृष्ठभाग कठीण केलेले शाफ्ट यांना ही सवलत नाही.

वारंवार सुरू आणि बंद होणारा ड्राइव्ह स्थिर धरू नका. शून्यापासून कमाल टॉर्कपर्यंतचं प्रत्येक चक्र मोजायचं.

अधिक ताकदीचं स्टील घेतलं तर लहान त्रिज्या चालेल?

फायदा होतो, पण पैसे मोजाल तेवढा नाही. ७०० च्या जागी १२०० मेगापास्कलचं स्टील घ्या, म्हणजे ताकद ७१ टक्के जास्त. १ मिमी त्रिज्येला q ०.८१ वरून ०.९० वर जातो, म्हणजे कठीण स्टीलला खाच जास्त बोचते, आणि Kfs १.६९ वरून १.७७ होतो. मशीन केलेल्या पृष्ठाचा गुणकही ०.६९ वर उतरतो, कारण टूलच्या खुणांचाही त्याला जास्त त्रास होतो. शेवटी सुरक्षा गुणक १.२७ वरून १.८१ होतो, म्हणजे ४२ टक्के जास्त. ७१ टक्क्यांतले उरलेले कोपऱ्याने आणि पृष्ठाने खाल्ले. असं स्टील वापरायचं ठरलं तर फिलेट पॉलिश करायलाच हवी. साध्या स्टीलला चालून जाणारी टूलची रेघ इथे चालत नाही.

एफईएमध्ये दर वेळी वेगळा ताण येतो. कुठे चुकतंय?

मॉडेलमध्ये फिलेट आहे का ते आधी बघा. मेश सोपा व्हावा म्हणून ती बऱ्याचदा काढून टाकलेली असते. टोकदार कोपऱ्यावरचा ताण मेश बारीक करत गेलं की वाढतच जातो, तो कधीच थांबत नाही. पिळात काटकोनी आतल्या कोपऱ्यापाशी ताण अंतराच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. म्हणून एलिमेंट निम्मा केला की आकडा साधारण २६ टक्क्यांनी वर जातो. तुमच्या निकालात प्रत्येक वेळी अशीच वाढ दिसत असेल, तर तो ताण नव्हे, कोपऱ्याचा टोकदारपणा आहे. त्या आकड्याला काही अर्थ नाही.

फिलेट असेल तर तिच्या पाव वर्तुळावर किमान आठ द्विघाती एलिमेंट ठेवा आणि एकदा दुप्पट करून पाहा. बदल २ टक्क्यांच्या आत आला की पुरे. शाफ्ट गोल आहे, तेव्हा पिळासह अक्षसममित एलिमेंट वापरता आले तर त्रिमितीपेक्षा खूप लवकर निकाल मिळतो. अबॅकसमध्ये त्यांचं नाव `CGAX8` आहे. शोल्डरपासून किमान एक व्यास दूर पृष्ठावरचा ताण 16T/(πd³) शी जुळतो का ते दर वेळी तपासा. तो जुळत नसेल तर सीमा-अटी चुकल्या आहेत आणि फिलेटकडे पाहण्यात अर्थ नाही.

आणखी एक घोळ. पडद्यावर बहुतेक वेळा व्हॉन मिझेस ताण दिसतो. शुद्ध पिळात तो कातर ताणाच्या √३ पट असतो. त्याला थेट साध्या कातर ताणाने भागलं तर १.८५ च्या ऐवजी ३.२ येतो आणि सगळे घाबरतात. कातर ताणाशी कातर ताणच ताडा.

लेथवर R२ मागितली तरी मोजल्यावर वेगळी का निघते?

नोज रेडिअसची भरपाई लावलेली नसते. बाहेरून टर्निंग करताना प्रोग्रॅम असा असतो:

```
G42 G01 X40. Z2. F0.15
G01 Z-48.
G02 X44. Z-50. R2.
G01 X47.
G01 X49. Z-51.
```

`G42` गाळलं तर मशीन टूलच्या काल्पनिक टोकाला R२ च्या कमानीवर फिरवतं. नोजचा मध्यही मग २ मिमी त्रिज्येच्याच कमानीवर फिरतो आणि आतल्या कोपऱ्यात धातूवर उमटणारी त्रिज्या २ + ०.८ = २.८ मिमी होते, इन्सर्टचं नोज ०.८ असेल तर. ताणाच्या दृष्टीने हे बरंच, पण आपल्या स्पेसरचा चॅम्फर २.५ मिमी आहे. रिंग फिलेटवर चढून बसते आणि फीलर पट्टी आत शिरते. म्हणून ड्रॉइंगवर नुसतं R२ लिहू नका, दोन्ही मर्यादा लिहा: R२ +०.३/०. खालची मर्यादा शाफ्टसाठी, वरची रिंगसाठी. फिलेटच्या पृष्ठाचा खरबरीतपणा वेगळा लिहा, Ra ०.८, आणि ४० च्या व्यासाला ती स्पर्शरेषेत मिळावी, पायरी चालणार नाही, अशी टीप द्या.

रेडिअस गेजने त्रिज्या कळते, पण मिळण्याची जागा कळत नाही. तिच्यासाठी कॉन्टूर मशीन किंवा प्रोफाइल प्रोजेक्टर वापरा. सीट नंतर ग्राइंड होणार असेल तर विशेष लक्ष द्या. व्हील सरळ धारेचं असेल तर ते फिलेटच्या पायथ्याशी येऊन थांबतं आणि तिथे ०.१ ते ०.२ मिमीची पायरी सोडतं, म्हणजे अगदी सर्वाधिक ताणाच्या जागी. व्हीलची धार फिलेटच्याच त्रिज्येला ड्रेस करून सीट आणि फिलेट एकाच वेळी ग्राइंड करणं हा खरा उपाय.

शोल्डरला लागूनच की-वे असेल तर?

मग आधी की-वेकडे पाहा. एन्ड मिलने कापलेल्या खाचेला, तळाच्या कोपऱ्याची त्रिज्या ०.०२d असताना, पिळाचा गुणक सुमारे ३ धरतात. सर्क्लिपच्या खाचेलाही तेवढाच. शोल्डरवर १.८५ चा १.६० करण्यासाठी रिंग घालायची आणि तिथून थोड्याच अंतरावर ३ चा गुणक तसाच ठेवायचा, याला अर्थ नाही. की-वेचं टोक फिलेटमध्ये कधीही शिरू देऊ नका. दोन्ही ताण एकमेकांवर चढतात, आणि त्याचा गुणक कोणत्याही आलेखात मिळत नाही.

तुटलेल्या शाफ्टवरून त्रिज्याच कारणीभूत होती हे कसं ओळखावं?

भंगलेलं तोंड आधी बघा. बेंडिंगच्या फटीगमध्ये भेग बहुधा एका-दोन ठिकाणी सुरू होते. भंगतल अक्षाला काटकोनात सपाट असतं आणि त्यावर शिंपल्यासारख्या वळ्या दिसतात. उलटसुलट पिळात भेगा ४५ अंशांनी दोन्ही दिशांना जातात आणि एकमेकींना छेदतात. तीक्ष्ण शोल्डरवर त्या परिघावर एकाच वेळी कित्येक ठिकाणी सुरू होतात, म्हणून भंगतलाची कड करवतीच्या दात्यांसारखी दिसते. ते दाते फिलेटच्या पायथ्याच्या वर्तुळावरच रांगेने असतील, तर कोपराच दोषी आहे.

मग उरलेल्या तुकड्यावर त्रिज्या मोजा. भेग परिघभर गेली असेल तर फिलेटचा काही भाग दोन्ही तुकड्यांवर वाटलेला असतो, तेव्हा सिलिकॉनचा ठसा घेऊन प्रोजेक्टरवर जुळवावा लागतो. ड्रॉइंगवर R१ आणि तुकड्यावर R०.४ निघाली तर वरच्या तक्त्यात सुरक्षा गुणक १.२७ वरून १.१२ वर येतो. एवढ्यानेच आपला शाफ्ट तुटायला नको, तेव्हा प्रत्यक्ष टॉर्क ८०० च्या वर जात होता का, हेही त्याच वेळी मोजून घ्या. ड्राइव्ह उलटताना येणारा झटका नेहमीच्या टॉर्कपेक्षा बराच मोठा असू शकतो. तो झटका हिशेबात धरलाच नसेल, तर नवा शाफ्ट R२ चा करूनही तो त्याच ठिकाणी, फक्त थोडा उशिरा तुटेल.